स्टेंटचे पैसे कोणी कापले?

मेडिक्लेमचे पत्र घरात आले की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, "कंपनीने खाल्ले." आमच्या आरोंद्यात तर ही प्रतिक्रिया पत्र उघडण्याआधीच येते. गेल्या दोन-तीन वर्षांत नात्यातल्या आणि शेजारच्या चार-पाच जणांची अँजिओप्लास्टी झाली. आमच्या भागातला माणूस अशा वेळी तेरेखोल ओलांडून गोव्यात जातो, नाही तर घाट चढून कोल्हापूर किंवा बेळगाव गाठतो. रोग बरा होतो, माणूस चालत घरी येतो आणि मग बिलाचे दुखणे सुरू होते. हिशेब तपासायची माझी सवय शाळेपासूनची, त्यामुळे ही कागदपत्रे हळूहळू माझ्याकडे यायला लागली. ती वाचून माझे एक मत बनले आहे आणि ते बऱ्याच नातेवाइकांना पटत नाही. स्टेंटच्या ओळीत कंपनीने कमी पैसे दिले, तर बहुतेक वेळा तो काप योग्य असतो. मात्र त्या कापाचा भार रुग्णाने सोसायचा, हे मुळीच योग्य नाही.

आधी स्टेंट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी चरबीने अरुंद झाली की मनगटातून किंवा मांडीतून एक नळी आत नेतात. तिच्या टोकाशी असलेला चिमुकला फुगा अरुंद जागी फुगवतात आणि तिथे धातूच्या जाळीचा आधार ठेवून देतात. ही जाळी म्हणजे स्टेंट. नुसत्या धातूचा जुना प्रकार आता फारसा कोणी घालत नाही. हल्ली बहुधा औषधाचा लेप असलेला घालतात, कारण त्या औषधामुळे धमनी पुन्हा बंद होण्याची शक्यता कमी होते. एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येईल. स्टेंट सुटा येत नाही. तो आपल्या फुग्यावर आणि नळीवर घट्ट बसवूनच पाकिटातून येतो.

आता किमतीकडे वळू. २०१७ च्या आधी औषधी स्टेंटची छापील किंमत सरासरी सव्वा लाखाच्या आसपास होती. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने, म्हणजे एनपीपीएने, त्या वर्षी साखळीतला प्रत्येक टप्पा मांडून दाखवला. आयातदार, वितरक आणि रुग्णालय यांच्यापैकी सर्वांत मोठा नफा रुग्णालयाच्या टप्प्यावर होता, काही ठिकाणी ६५४ टक्क्यांपर्यंत. पुरवठादार स्टेंट स्वस्तात द्यायचा आणि पाकिटावर किंमत मात्र भरमसाठ छापायचा. ज्या स्टेंटवर छापील किंमत जास्त, तोच रुग्णालयाला अधिक प्रिय. बाजारात स्पर्धेने किंमत उतरते असे आम्ही मुलांना शिकवत आलो. इथे स्पर्धा किंमत चढवण्याची होती, कारण वस्तू निवडणारा एक आणि पैसे देणारा दुसरा.

बिरेंदर सांगवान नावाच्या वकिलांनी दिल्ली उच्च न्यायालयात याबद्दल जनहित याचिका केली. जुलै २०१६ मध्ये स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आला, डिसेंबरात किंमत नियंत्रणाच्या परिशिष्टात गेला आणि १३ फेब्रुवारी २०१७ ला एनपीपीएने कमाल किंमत जाहीर केली. धातूच्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये आणि औषधी स्टेंटसाठी २९,६०० रुपये. यात व्यापारी नफ्याचे ८ टक्के आधीच धरलेले होते. सव्वा लाखाची वस्तू एका रात्रीत तीस हजारांत आली. २०१८ मध्ये औषधी स्टेंटची मर्यादा २७,८९० वर उतरली आणि पुढे घाऊक किमतींच्या निर्देशांकाप्रमाणे दर एप्रिलला बदलत गेली. १ एप्रिल २०२५ पासून ती ३८,९३३ रुपये १४ पैसे झाली. त्यावर प्रत्यक्ष भरलेला ५ टक्के जीएसटी तेवढा लागतो. म्हणजे त्या वर्षी एका औषधी स्टेंटचे कर धरून जास्तीत जास्त ४०,८८० रुपये. ब्रँड परदेशी असो की देशी, रुग्णालय पंचतारांकित असो की साधे, मर्यादा एकच.

ही मर्यादा कायद्याने आलेली आहे, हे नीट समजून घ्यायला हवे. रुग्णालयाने बिलात पंचावन्न हजार लिहिले, तरी त्या वर्षी चाळीस हजार आठशे ऐंशीच्या वरचे पैसे कोणाकडूनच घेता येत नव्हते. विमा नसलेल्या माणसाकडूनही नाही. मग विमा कंपनीने ते देण्याचा प्रश्न येतो कुठे? जी रक्कम मुळात देय नाही, ती तिने नाकारली तर त्यात लबाडी कसली?

आता आमच्या पुतण्याचे बिल बघू. वय अठ्ठावन्न, २०२५ च्या पावसाळ्यात दोन औषधी स्टेंट घातले. रुग्णालयाचे नाव इथे घेत नाही, कंपनीचेही नाही. कंपनीच्या यादीत ते रुग्णालय नव्हते, म्हणून त्याने सगळे पैसे आधी भरले आणि मग दावा केला. एकूण बिल ३,२२,०००. तीन महिन्यांनी पत्र आले तेव्हा तो पिशवी घेऊन माझ्याकडे आला. "काका, ह्यां काय ता माका काय कळना नाय. स्टेंटचेच अर्धे पैशे कापले!"

खरेच निम्मे कापले होते. बिलात ओळ होती, 'स्टेंट सिस्टीम व ॲक्सेसरीज, २ नग, १,१०,०००'. कंपनीने दिले ५४,५०७. काप ५५,४९३ रुपयांचा. पत्रात कारण म्हणून एकच वाक्य होते, पॉलिसीच्या अटींनुसार ग्राह्य रक्कम. कारण सांगितल्यासारखे दिसावे आणि कळू मात्र काही नये, असे हे वाक्य कोण घडवतो कोण जाणे! तपशील मागितल्यावर आणखी तीन आठवड्यांनी एक तक्ता आला. त्यावरून दिसले की एकाच ओळीवर दोन काप होते आणि दोघांची जात वेगळी होती.

पहिला काप २८,२४० चा. कंपनीने कमाल किंमत धरली, दोन स्टेंटचे ८१,७६०. हा काप बरोबर. आम्ही रुग्णालयाला पत्र लिहून विचारले की स्टेंटची किंमत किती आणि 'ॲक्सेसरीज' म्हणजे नेमके काय. असे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे. एनपीपीएच्या आदेशाप्रमाणे बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवावी लागते आणि सोबत ब्रँडचे नाव, उत्पादक किंवा आयातदार आणि बॅच क्रमांक द्यावा लागतो. ओळ एकत्र असणे हीच पहिली खूण. उत्तर आले की उरलेली रक्कम मार्गदर्शक नळी आणि फुगा फुगवायच्या पंपाची आहे. गंमत अशी, की या दोन्ही वस्तू त्याच बिलात चार ओळी खाली 'कॅथलॅब साहित्य' या नावाखाली पुन्हा होत्या. स्टेंट बसवायचा फुगा वेगळा लावावा, तर तो स्टेंटच्या पाकिटातच येतो. हे दोन मुद्दे लेखी दाखवल्यावर वाद झाला नाही. सुधारित बिल आले आणि २८,२४० रुपये पुतण्याच्या खात्यात परत आले. झाले नसते, तर एनपीपीएकडे तक्रार करायची आमची तयारी होती. जादा आकारलेली रक्कम व्याजासह वसूल करण्याचा अधिकार त्या कायद्यात आहे.

इथे माझी कंपनीवर एक तक्रार आहेच. त्यांना हे ठाऊक होते. त्यांच्या तक्त्यात कमाल किंमत आकड्यानिशी होती. मग 'ही रक्कम रुग्णालयाने कायद्यापेक्षा जास्त लावली आहे, ती तुम्ही रुग्णालयाकडून परत मागा', एवढे मराठीत नाही तर निदान इंग्रजीत लिहायला काय हरकत होती? कंपनी स्वतःचे पैसे वाचवते आणि गप्प बसते. रुग्णाला वाटते कंपनीने लुबाडले, आणि ज्याने जास्त घेतले तो मोकळा राहतो. दाव्याच्या पत्रात हे वाक्य लिहिणे सक्तीचे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा काप मात्र वेगळा. ८१,७६० चे ५४,५०७ कसे झाले? बरोबर दोन तृतीयांश. पुतण्याच्या पॉलिसीत खोलीभाडे दिवसाला ४,००० पर्यंत आहे. रुग्णालयात त्या दिवशी तशी खोली शिल्लक नव्हती आणि त्याने ६,००० ची घेतली. महागडी खोली घेतली की डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा आकार वगैरे त्या खोलीच्या दर्जाप्रमाणे वाढतात. म्हणून कंपनी सगळे त्याच प्रमाणात कमी करते. याला प्रमाणशीर कपात म्हणतात. डॉक्टरांच्या फीला हे लागू करणे मी समजू शकतो. पण स्टेंट काय खोली बघून महाग होतो? जनरल वॉर्डातल्या माणसाचा आणि एसी खोलीतल्या माणसाचा स्टेंट एकाच किमतीचा.

विमा नियामकालाही, म्हणजे आयआरडीएआयला, हे पटलेले आहे. २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्यांनी सांगितले की प्रमाणशीर कपात ज्या 'संलग्न वैद्यकीय खर्चा'वर करायची, त्यात औषधे व वापरून टाकायचे साहित्य, शरीरात बसवायची उपकरणे आणि तपासण्यांचा खर्च धरायचा नाही. अतिदक्षता विभागाच्या भाड्यावरही ही कपात नाही. शिवाय जे रुग्णालय खोलीप्रमाणे दर बदलत नाही, तिथे ती मुळीच करायची नाही. पुतण्याची पॉलिसी पुस्तिका काढली तर व्याख्यांच्या पानावर हेच बारीक अक्षरांत छापलेले होते. ते पान, तक्ता आणि एक अर्ज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवला. स्टेंटवरचे २७,२५३ परत मिळाले, तपासण्या आणि औषधांवर केलेला तसाच कापही परत मिळाला. भाड्यात आणि डॉक्टरांच्या फीत जे गेले ते गेले. ते पॉलिसीतच होते.

म्हणजे बघा, एकाच ओळीतले ५५,४९३ रुपये. त्यातला अर्धा काप योग्य होता आणि त्याचे पैसे रुग्णालयाकडून यायचे होते. उरलेला अर्धा अयोग्य होता आणि त्याचे पैसे कंपनीकडून यायचे होते. सरसकट "कंपनीने खाल्ले" म्हणून बसला असता, तर दोन्हीकडचे गेले असते. किंवा सगळ्याचा वाद कंपनीशी घातला असता, तर पहिल्या निम्म्यावर तो हरला असता आणि त्या हरण्याच्या भरात दुसरा निम्माही बुडाला असता.

हे झाले स्टेंटचे. फुगे आणि गाइडवायर यांचे प्रकरण इतके सरळ नाही. स्टेंट बसवण्याआधी अरुंद जागा रुंद करायला वेगळा फुगा लागतो, कधी स्टेंट बसल्यावर तो नीट दाबून घ्यायला आणखी एक. आणि हे सगळे ज्यावरून सरकत आत जाते ती केसासारखी तार म्हणजे गाइडवायर. यांना स्टेंटसारखी कमाल किंमत नाही. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणे औषध या व्याख्येत आली आणि त्यांची छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, एवढेच बंधन. पण पहिली छापील किंमत किती ठेवायची हे उत्पादकाच्या हातात. शंभराच्या वस्तूवर पहिल्याच दिवशी हजार छापले, तर दहा टक्क्यांचा नियम बिचारा काय करणार? २०१८ मध्ये एनपीपीएने दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा औषधे आणि वापरून टाकायच्या वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा निघाला. खाडीला एका बाजूने बांध घातला की पाणी दुसऱ्या बाजूने शेतात शिरते, हे आमच्या गावात कुणाला सांगायला नको. स्टेंटची किंमत बांधली गेली आणि भार शेजारच्या ओळींवर सरकला.

पुतण्याच्या बिलात फुगे, तारा, नळ्या मिळून ५२,००० होते. कंपनीने ३८,००० ग्राह्य धरले. इथे कायद्याची मर्यादा नाही, तर कापाचा आधार काय? पॉलिसीतली 'वाजवी आणि रूढ खर्च' ही व्याख्या. त्या भागातले तशा प्रकारचे दुसरे रुग्णालय अशाच उपचाराला जे घेते, तेवढेच कंपनी देणार. कल्पना वाईट नाही. छापील किंमत जर खोटी असू शकते, तर तिच्यावर डोळे मिटून पैसे देणे म्हणजे पुढच्या वर्षी आपल्या सगळ्यांचे हप्ते वाढवणे. पण तुलना कुठल्या रुग्णालयाशी केली, किती दर धरला, हे विचारले तर कंपनीने अजून सांगितलेले नाही. वाजवी किती, हे ज्याने ठरवले त्याने आकडा दाखवायला हवा. हे १४,००० पुतण्याच्या खिशातून गेले आहेत आणि त्यासाठी आता पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज तयार होतो आहे. सिंधुदुर्ग पुण्याच्या कार्यालयाकडे येतो. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिना गेला आणि समाधान झाले नाही, की तिथे जाता येते. वकील लागत नाही.

ज्यांचे कॅशलेस होते त्यांचे वेगळे. तिथे रुग्णालयाने कंपनीशी आधीच दर ठरवलेले असतात. अँजिओप्लास्टीला ठरावीक पॅकेज, त्यावर स्टेंटचे इतके, असे. सरकारी विमा कंपन्यांनी मोठ्या शहरांत २०१० पासून अशी रुग्णालयांची यादीच केली. बिलावर छापलेला दर जास्त आणि मंजूर झालेला कमी दिसला, तरी तो फरक रुग्णालयाने करारातच सोडलेला असतो. पॉलिसीतल्या वजावटी, खोलीचा फरक, न देय वस्तू यांचे पैसे रुग्णाने भरायचे. पण करारातल्या दराच्या वरचा फरक डिस्चार्जच्या वेळी काउंटरवर मागितला, तर तो भरू नये आणि टीपीएला तिथूनच फोन करावा. आमच्या वाडीतल्या एका बाईंकडून असे नऊ हजार मागितले होते. मुलाने फोन लावल्यावर पाच मिनिटांत मागणी विरली.

डॉक्टर मंडळींची बाजूही ऐकली पाहिजे. नात्यात एक हृदयरोगतज्ज्ञ आहेत. ते म्हणतात, "काका, कॅथलॅबचे यंत्र कोट्यवधींचे, रात्री दोन वाजता येणारी माणसे, हे सगळे पूर्वी स्टेंटच्या नफ्यातून निघायचे. आता ते कुठून काढायचे?" प्रश्न खोटा नाही. पण माझे म्हणणे असे, की यंत्राचा आणि रात्रीच्या माणसांचा खर्च यंत्र आणि माणसे या नावाने लिहा. कॅथलॅबचा आकार अमुक, तज्ज्ञांची फी अमुक. तो आकडा मोठा दिसेल, पण खरा असेल आणि दुसऱ्या रुग्णालयाच्या आकड्याशी ताडून बघता येईल. तारेच्या किमतीत माणसाचा पगार लपवला, तर कंपनी तारेची किंमत बघून काप लावणारच, आणि तो काप शेवटी पलंगावरच्या माणसावर पडतो.

एक कागद मात्र जपा. स्टेंटच्या आणि प्रत्येक फुग्या-तारेच्या पाकिटावर एक चिकटपट्टी असते. तीवर नाव, आकार, बॅच, मुदत छापलेली असते आणि ती काढून रुग्णाच्या कागदांत लावतात. दाव्यात कंपनी हीच मागते आणि सोबत खरेदीचे इन्व्हॉइस. बिलात तीन फुगे आणि चिकटपट्ट्या दोनच असतील, तर तिसऱ्याचे पैसे कापले जातात आणि ते बरोबरच आहे. कधी तो फुगा लावलाच नसतो, कधी निर्जंतुक करून पुन्हा वापरलेला असतो आणि लावला मात्र नव्याच्या भावाने. डिस्चार्जच्या गडबडीत फाइल हातात आली की तिथेच बाकावर बसून पट्ट्या मोजाव्यात आणि बिलातल्या नगांशी जुळवाव्यात. घरी आल्यावर मागायला गेले तर रेकॉर्ड रूमला कुलूप असते आणि किल्लीवाला रजेवर.